आजींनी चहा नाकारला तेव्हा

बुधवारी सकाळी सात वाजता आजींनी चहा नाकारला. सूनबाईंनी कप पुढे केला, आजींनी डोळे किलकिले केले, मान वळवली आणि पुन्हा झोपी गेल्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दीड दिवस झाला होता. मी सकाळच्या ड्यूटीवर होते. दहाच्या सुमाराला नोंदवहीत लिहिलं : 'पेशंट शांत. तक्रार नाही. झोपलेल्या.' बीपी ठीक, ताप नाही, ड्रेसिंग कोरडं. वॉर्डात तीस खाटा होत्या आणि मला नीट आठवतं, ते वाक्य लिहिताना हायसंच वाटलं होतं, की निदान एक पेशंट तरी आज आपल्याला हाका मारत नाही.

दुपारी एक वाजता सूनबाई टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "सिस्टर, आई अशा नाहीत. पंचवीस वर्षं झाली मला या घरात येऊन, चहाला त्या कधी नाही म्हणालेल्या नाहीत. काल संध्याकाळी नातवाशी गप्पा मारत होत्या. आज हाक मारली की 'अं' म्हणतात आणि परत डोळे मिटतात."

मी म्हणणार होते, "थकल्यात हो, झोपू द्या." ते वाक्य मी गिळलं आणि उठले. पण सात ते एक हे सहा तास गेले ते गेलेच. या लेखात मला जे सांगायचं आहे, ते त्या सहा तासांबद्दल आहे.

शांत भ्रम

आजींना झालं होतं त्याला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे ही अवस्था फार जुन्या काळापासून माहीत आहे. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला की 'वातात बरळतोय' असं आपण म्हणतो, ते हेच. मात्र या शब्दामुळे एक गैरसमज रुजला. डिलिरियम म्हणजे बडबड, आरडाओरडा, सलाईन उपटणं असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. असे पेशंट असतात आणि त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्षही जातं. पण म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः मोठ्या ऑपरेशननंतर, दुसरा प्रकार खूप आढळतो. त्यात माणूस गप्प होतो. डोळे मिटून पडून राहतो, जेवण अर्धवट सोडतो, विचारलं तर एका शब्दात उत्तर देतो आणि मध्येच हरवतो. तो कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. अनेकांमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. दिवसभर मरगळ, आणि दिवे लागले की अस्वस्थपणा.

डिलिरियम ओळखण्याच्या खुणा थोड्या आहेत. तो अचानक येतो, म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत. तो चढतो-उतरतो, त्यामुळे डॉक्टरांच्या राउंडला माणूस नीट बोलतो आणि तासाभरात पुन्हा भरकटतो. आणि त्याचं मूळ लक्षण आहे लक्ष न टिकणं. विसरणं हे त्यानंतरचं. इथेच तो स्मृतिभ्रंशाहून वेगळा आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढत जातो आणि त्यात सुरुवातीला तरी माणूस समोरच्याकडे लक्ष देऊन ऐकू शकतो. डिलिरियममध्ये लक्षाचा धागाच तुटतो. तुम्ही वाक्य सुरू करता आणि ते संपायच्या आत समोरचा माणूस तिथे नसतो.

ऑपरेशननंतर तो साधारण पहिल्या तीन दिवसांत डोकं वर काढतो. पुष्कळदा पहिला दिवस अगदी छान जातो. भूल उतरते, माणूस बोलतो, नातेवाईक निर्धास्त होऊन घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी चित्र पालटतं. खुबा मोडून आलेल्या म्हाताऱ्यांमध्ये साधारण चौघांपैकी एकाला, काही ठिकाणी दोघांपैकी एकाला तो होतो. एवढं प्रमाण असूनही तो नजरेतून सुटतो, कारण आपण त्याला 'वयच झालंय', 'भूल अजून उतरली नाही', 'दमल्यात' अशी नावं देतो.

दोन मिनिटांची तपासणी

आमच्या वॉर्डात 'फोर-ए-टी' नावाची तपासणी वापरतात. एडिंबराच्या डॉक्टरांनी ती तयार केली. तिला दोन मिनिटं पुरतात, यंत्र लागत नाही आणि वेगळं प्रशिक्षणही लागत नाही. चार गोष्टी पाहायच्या आणि गुण मांडायचे. इथे गुण जितके जास्त, तितकी काळजी जास्त.

पहिली गोष्ट जागेपण. माणूस नीट जागा असेल, किंवा उठवल्यावर काही क्षण पेंगून मग ताळ्यावर आला, तर शून्य. स्पष्टपणे गुंगीत किंवा फार अस्वस्थ असेल तर थेट चार. दुसरी गोष्ट चार साधे प्रश्न : वय, जन्मतारीख, आपण आत्ता कुठे आहोत आणि सध्याचं साल. एक चूक झाली तर एक गुण, दोन किंवा जास्त झाल्या तर दोन. तिसरी गोष्ट लक्ष : वर्षाचे महिने उलटे म्हणायचे. सात किंवा जास्त बरोबर आले तर शून्य, सुरुवात केली पण सातपर्यंत पोचले नाहीत तर एक, सुरूच करता आलं नाही तर दोन. चौथी गोष्ट म्हणजे अचानक झालेला किंवा चढउतार होणारा बदल. तो असेल तर चार. एकूण चार किंवा जास्त गुण झाले की डिलिरियम असण्याची शक्यता धरायची आणि डॉक्टरांना लगेच बोलवायचं.

आजी रविवारी बाथरूममध्ये पडून आल्या, त्याच संध्याकाळी मी ही तपासणी केली होती. वय एकोणऐंशी, ते बरोबर सांगितलं. दवाखान्याचं नाव सांगितलं, साल सांगितलं. जन्मतारीख मात्र त्यांना ठाऊक नव्हती. आधार कार्डावर एक जून होती. ती शाळेत गुरुजींनी घातलेली. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या किती तरी जणांची हीच गोष्ट आहे. म्हणून तिथे एक गुण लागला. महिने इंग्रजी नकोत, आपलेच म्हणा, असं मी सांगितलं. आजींनी फाल्गुनापासून सुरुवात केली : फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद. सात झाले. शून्य गुण. एकूण एक. तो एक गुण आजाराचा नव्हता, आजींच्या आयुष्याचा होता. पण पुढच्या दिवसांसाठी तीच आमची मोजपट्टी झाली. ऑपरेशनआधी असं माप घेऊन ठेवलं नाही, तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

ही तपासणी रोज सकाळ-संध्याकाळ करायची असं ठरलेलं होतं. सोमवारी ऑपरेशन झालं. तुटलेला गोळा काढून कृत्रिम गोळा बसवला. मंगळवारी दोन्ही वेळा गुण एकच आला. बुधवारी सकाळी मी तपासणी केली नाही, कारण आजी झोपल्या होत्या. झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं, असा मी विचार केला. आणि ज्या कारणासाठी मी तपासणी सोडली, तेच पहिलं लक्षण होतं.

सूनबाई बोलून गेल्यावर मी खाटेपाशी बसले. "आजी," म्हणून खांद्याला हात लावला. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या प्रश्नाच्या आत मिटले. चार गुण. "आपण कुठे आहोत?" तर "मामाच्या वाड्यात." साल सांगता आलं नाही. दोन गुण. महिने म्हणायला सांगितले. "फाल्गुन... माघ... संक्रांत आली का गं?" आणि थांबल्या. एक गुण. चौथा प्रश्न मी आजींना विचारायचाच नव्हता. त्याचं उत्तर सूनबाईंनी टेबलापाशी येऊन दिलं होतं. चार गुण. एकूण अकरा.

त्या चौथ्या प्रश्नाला दुसऱ्या आणि तिसऱ्या मिळून जेवढे गुण, तेवढं वजन का दिलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. माणूस कालपर्यंत कसा होता हे नर्सला माहीत नसतं, सर्जनला माहीत नसतं. ते घरच्यांनाच माहीत असतं. 'आई अशा नाहीत' ही तक्रार नव्हती, तो तपासणीचा एक भाग होता.

ओला डायपर

डिलिरियम स्वतः मेंदूत दिसतो, पण त्याचं कारण बहुतेक वेळा शरीरात दुसरीकडे असतं. तरुण मेंदू ऑपरेशन, वेदना, औषधं, जागरण हे सगळं एकदम सोसतो. वय, आधीचा थोडा विसरभोळेपणा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं यांनी ज्याची राखीव ताकद कमी झाली आहे, त्या मेंदूला यातल्या दोन-तीन गोष्टीही पुरतात. म्हणून एकच कारण सापडलं की थांबायचं नाही, शोध पुढे न्यायचा.

डॉक्टर आले. आधी ऑक्सिजन आणि साखर पाहिली, कारण ती वाट पाहू शकत नाही. दोन्ही ठीक. रक्तातलं सोडियम, हिमोग्लोबिन, जंतुसंसर्गासाठीच्या तपासण्या पाठवल्या. छाती तपासली. हातापायातली ताकद आणि चेहरा पाहिला, कारण लकव्याचा झटकाही असा येऊ शकतो. मग त्यांनी विचारलं, "लघवी होतेय का?"

मावशी म्हणाल्या, "होतेय की. डायपर दोनदा बदलला."

लघवीची नळी मंगळवारी संध्याकाळी काढली होती. नळी लवकर काढणं योग्यच होतं, कारण तिच्यामुळे संसर्ग होतो आणि माणूस खाटेला बांधला जातो. पण डॉक्टरांनी ओटीपोटावर हात ठेवला आणि माझा हात तिथे नेला. बेंबीच्या खाली घट्ट, गोल फुगवटा लागत होता. दाबल्यावर आजी कण्हल्या. मूत्राशय तुडुंब भरलं होतं आणि वरचं तेवढं थेंबथेंब सांडत होतं. त्या सांडण्याने डायपर ओला होत होता आणि आम्ही सगळे निश्चिंत होतो. नळी घालून लघवी काढली, ती सातशे मिलिलिटर निघाली. ज्याला बोलता येतं तो माणूस अशा कळांनी ओरडेल. ज्याचं लक्षच टिकत नाही, तो फक्त भरकटतो.

लघवी तुंबली का? कागद उलटे चाळले तेव्हा सापडलं. मंगळवारी रात्री पट्टीच्या चिकटीने आजींना खाज सुटली होती, म्हणून एव्हिलचं इंजेक्शन दिलं होतं. 'झोपही लागेल' असंही कुणी तरी म्हणालं होतं. एव्हिल आपल्याकडे घराघरात माहीत असलेलं औषध आहे. पण फेनार्गन काय, एव्हिल काय, या जातीची औषधं शरीरातल्या ज्या रसायनाला अडवतात, त्याच्यावर लक्ष आणि स्मरण अवलंबून असतं आणि मूत्राशयाचं आकुंचनही. एका सुईने दोन्ही बाजूंनी घाव घातला होता. त्याच्या जोडीला चार दिवस शौचाला झालं नव्हतं आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबत होतं.

चौथी गोष्ट सूनबाईंच्या पर्समध्ये होती. ओटीत नेताना आजींचं श्रवणयंत्र आणि चष्मा काढून घेतला होता. हरवू नये म्हणून सूनबाईंनी दोन्ही रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं होतं आणि तेव्हापासून ते तिथेच होतं. दोन दिवस आजी अर्धवट ऐकू येणाऱ्या, धूसर दिसणाऱ्या अनोळखी खोलीत पडून होत्या.

चोवीस तासांचं वेळापत्रक

कारणांवर इलाज सुरू झाला. एव्हिल बंद, शौचाचं औषध, दर चार-सहा तासांनी लघवी होतेय का याची खात्री. यापुढचं काम नर्सिंगचं होतं. त्यात एकही गोळी नव्हती. मी सूनबाईंबरोबर बसून कागदावर चोवीस तासांचं वेळापत्रक केलं आणि ते खाटेच्या डोक्याशी चिकटवलं.

सकाळी डोळे उघडले की आधी चष्मा, श्रवणयंत्र, कवळी. खिडकीचा पडदा उघडायचा. मग सांगायचं, "आजी, मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. आज गुरुवार, सकाळचे आठ वाजलेत." हे प्रश्न म्हणून विचारायचं नाही, सांगायचं. परीक्षा घेतल्यासारखं 'सांगा बघू मी कोण?' असं नातेवाईक वारंवार विचारतात. उत्तर आलं नाही की पेशंट घाबरतो आणि आणखी मिटतो. समोर भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि कालनिर्णय लावलं. ते आजींच्या स्वयंपाकघरातही असतंच, त्यामुळे ओळखीचं होतं.

दुसरी गोष्ट उठणं. फिजिओथेरपिस्ट आणि मी मिळून आजींना खुर्चीत बसवायचो, मग वॉकरने चार पावलं. प्रत्येक जेवण खाटेवर आडवं पडून न घेता खुर्चीत बसून. झोपून राहिल्याने फुप्फुसं, आतडी आणि मेंदू तिन्ही मंदावतात. उठायच्या आड येतात त्या नळ्या आणि वायरी, म्हणून दर राउंडला डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा : सलाईन अजून हवंय का? गुरुवारी दुपारी ते निघालं.

तिसरी गोष्ट खाणं-पिणं. तहान लागल्याचं म्हाताऱ्या माणसाला कळत नाही आणि गोंधळलेल्याला मागताही येत नाही. त्यामुळे उशाशी तांब्या ठेवून चालत नाही. सूनबाईंनी दर तासाला अर्धी वाटी पाणी, ताक किंवा पेज हातात द्यायची आणि वाटीगणिक कागदावर रेघ मारायची. नीट जागी असतील आणि पाठ सरळ असेल तेव्हाच द्यायचं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो.

चौथी गोष्ट वेदना. दुखत असताना मेंदू थाऱ्यावर येत नाही आणि कडक वेदनाशामकांनी तो आणखी गुंगतो. म्हणून डॉक्टरांनी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे ठरलेल्या वेळी चालू ठेवलं, 'मागितलं तर द्या' असं नाही. ऑपरेशनआधी मांडीच्या मज्जातंतूंभोवती बधिरतेचं इंजेक्शन दिल्यानेही कडक औषधांची गरज कमी होते. आजी 'दुखतं' म्हणाल्या नाहीत तरी कूस बदलताना कपाळाला आठ्या पडतात का, हात आवळला जातो का, हे आम्ही पाहायचो.

आणि रात्र. बुधवारची रात्र कठीण होती. अकराच्या सुमाराला आजी उठून बसायला लागल्या. "म्हशी सोडायच्या राहिल्यात गं, धार कोण काढील?" हात सलाईनकडे जात होता. वॉर्डात अशा वेळी पट्ट्यांनी हात बांधायची सवय जुनी आहे. ते करू दिलं नाही. बांधलेला माणूस आणखी घाबरतो, झटापट करतो आणि नव्या खुब्याला इजा करून घेतो. खाट सगळ्यात खाली केली, चाकं लॉक केली. सलाईनची जागा पट्टीने झाकून वरून बाही ओढली, म्हणजे ती दिसत नाही आणि हात तिथे जात नाही. सूनबाईंना सांगितलं, 'इथे म्हशी कुठे आहेत?' असा वाद घालू नका. खोटं 'हो, सोडल्या' असंही म्हणू नका. त्या म्हणाल्या, "आई, तुम्हाला म्हशींची काळजी वाटतेय. घरी दादा आहेत. मी इथे तुमच्याजवळ आहे." हात हातात धरला. वीस मिनिटांनी आजी आडव्या झाल्या.

गुरुवारपासून रात्रीचं कामच बदललं. दहा वाजता बीपी, तपासणी, औषध, लघवी हे सगळं एका फेरीत उरकायचं. मग कोमट दूध, पाठीला हलका हात, दिवा मंद, आणि पहाटेपर्यंत गरज नसेल तर उठवायचं नाही. वॉर्डात रात्री दर दोन तासांनी वेगवेगळ्या कामासाठी दिवा लागतो, यात झोपेचं काय होतं ते तरुण माणसानेही एकदा अनुभवून पाहावं. झोपेची गोळी दिली नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी डिलिरियम वाढतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. जो पेशंट घरी अशी गोळी वर्षानुवर्षं घेत होता किंवा रोज दारू पीत होता, त्याची ती एकदम तुटली तर त्यामुळेच डिलिरियम होतो आणि तो जिवावरही बेतू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत. म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांना यातलं काही लपवू नये.

किती टळतो, किती नाही

हे सगळं आजीबाईचा बटवा वाटेल, पण याची मोजणी झालेली आहे. अमेरिकेत येल येथे शॅरन इनोय आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सत्तर वर्षांवरच्या ८५२ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते ऑपरेशनचे नव्हते, औषधोपचारासाठी दाखल झालेले होते. ओळख करून देणं, चालवणं, झोप, चष्मा, श्रवणयंत्र, पाणी याची शिस्तशीर योजना केली तेव्हा डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. बॉस्टनमध्ये खुबा मोडलेल्या १२६ पेशंटच्या २००१ मधल्या अभ्यासात वृद्धांच्या डॉक्टरांनी रोज येऊन औषधं, नळ्या, वेदना, शौच यांवर सल्ला दिला. तिथे ५० टक्क्यांचं प्रमाण ३२ टक्के झालं. तैवानमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर नर्सने रोज तीनच गोष्टी केल्या : ओळखीचं बोलणं, तोंडाची निगा आणि जेवणाला मदत, लवकर चालवणं. प्रमाण १५.१ वरून ६.६ टक्क्यांवर आलं.

पण येलच्या अभ्यासातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्यांना योजनेनंतरही डिलिरियम झाला, त्यांच्यात त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणजे या उपायांची खरी ताकद टाळण्यात आहे. एकदा झाल्यावर ते पेशंटला सुरक्षित आणि कमी घाबरलेला ठेवतात, पण तो लवकर संपेल याची हमी देत नाहीत. म्हणून वेळापत्रक ऑपरेशननंतर अकरा गुण आल्यावर चिकटवायचं नसतं. ते दाखल झाल्या दिवशीच चिकटवायला हवं होतं.

नातेवाईक दोन प्रश्न नेहमी विचारतात. पहिला : पूर्ण भूल दिली म्हणून झालं का, कमरेत इंजेक्शन दिलं असतं तर? खुब्याच्या ऑपरेशनांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनांमध्ये दोन्ही पद्धतींत डिलिरियमच्या प्रमाणात फरक दिसला नाही. दुसरा : शांत करायचं इंजेक्शन का देत नाही? हॅलोपेरिडॉलसारखी औषधं डिलिरियम बरा करतात असं दिसलेलं नाही. पेशंट स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याच्या बेतात असेल, बाकी सारं करून झालं असेल, तरच थोड्या मात्रेत, थोडा वेळ डॉक्टर ती देतात. शांत, गप्प पेशंटला तर त्यांचा काहीच उपयोग नाही.

उशाशी बसलेलं माणूस

परदेशातल्या या योजनांमध्ये खाटेपाशी बसून बोलायला, जेवू घालायला प्रशिक्षित स्वयंसेवक नेमावे लागतात. आपल्या दवाखान्यांत प्रत्येक खाटेपाशी एक माणूस आधीच बसलेलं असतं. फक्त त्याला काय करायचं हे कुणी सांगत नाही. 'गर्दी करू नका' एवढंच सांगतो. त्याच्या हातात काय द्यायचं याचा मी आता विचार करते.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर घरूनच चष्मा, श्रवणयंत्र जास्तीच्या सेलसह, कवळी आणावी आणि ओटीतून बाहेर आल्याबरोबर ती परत मागून घ्यावी. चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या आणाव्यात, झोपेच्या गोळीसकट. ऑपरेशनआधी किती तास उपाशी राहायचं हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं. बहुतेकांना साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. 'रात्रीपासून काहीच नाही' म्हणून दुपारपर्यंत कोरडं ठेवण्याची गरज नसते. सोबत राहणारं माणूस रोज बदलू नये. ज्याला पेशंटच्या सवयी माहीत आहेत, त्याने पहिले तीन दिवस राहावं. आणि काही बदल दिसला तर 'आमची आई आज वेगळी वाटते' एवढं वाक्य घेऊन टेबलापाशी यावं. वैद्यकीय शब्द लागत नाहीत. नर्स 'दमल्यात' म्हणाली तर पुन्हा यावं.

आजींचे गुण गुरुवारी सहा होते, शुक्रवारीही सहा. शनिवारी सकाळी त्या नीट जाग्या होत्या, भाद्रपदापर्यंत पोचल्या आणि जन्मतारीख तेवढी आली नाही. गुण एक. रविवारीसारखाच. सगळ्यांचं इतक्या लवकर होत नाही. काहींना आठवडे लागतात, काहींची आधीची विसराळूपणाची पातळी काहीशी खालीच स्थिरावते. त्यामुळे घरी गेल्यावरही महिन्या-दोन महिन्यांनी स्मरणाची तपासणी करून घ्यायला आम्ही सांगतो. दुसरंही एक सांगतो. डिलिरियममधलं काही काही पेशंटला नंतर आठवतं आणि लाज वाटते. घरी जायच्या दिवशी आजींनी मला हळूच विचारलं, "पोरी, मी काय वेड्यासारखं बोलले का गं?" मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं की शरीर आजारी पडल्यावर मेंदू दोन दिवस गोंधळतो, त्याला वेड म्हणत नाहीत, ते गेलं. पुन्हा कधी ऑपरेशन झालं तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा, की मागच्या वेळी असं झालं होतं.

त्या बुधवारनंतर मी नोंदवहीत 'पेशंट शांत' हे दोन शब्द लिहिणं सोडलं. आता लिहिते : 'हाक मारल्यावर डोळे उघडले, तीन वाक्यं बोलल्या. चहा घेतला नाही. नेहमी घेतात, असं सूनबाई सांगतात. डॉक्टरांना कळवलं.'